बोल्ट किती लांबीचा घ्यायचा? ग्रिप, वॉशर, नट आणि बाहेर निघणारे आटे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे फक्त आरपार जाणाऱ्या बोल्टबद्दल लिहिलंय, म्हणजे एका बाजूला षटकोनी डोकं, दुसऱ्या बाजूला नट आणि मध्ये दाबल्या जाणाऱ्या प्लेटा. सगळी मापं मिलिमीटरमध्ये आहेत आणि मेट्रिक जाड आट्यांची आहेत.

साधा हिशोब काय आहे?

ग्रिप + सगळ्या वॉशरची जाडी + नटची उंची + नटाच्या बाहेर निघायला हवेत तेवढे आटे. ही बेरीज करायची आणि मग बाजारात मिळणाऱ्या पुढच्या लांबीवर जायचं. खाली नाही, वरच. बेरीज ५८.८ आली तर ६०, ६०.३ आली तर ६५.

हिशोब एवढाच आहे, पण यातला प्रत्येक आकडा कुठून आणायचा यात लोक चुकतात, आणि त्याहून जास्त चुकतात ते लांबी ठरल्यावर एक गोष्ट तपासायची राहते त्यात, ती म्हणजे नट खाली टेकेपर्यंत बोल्टला आटे आहेत का. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो कारण खरा घोटाळा तिथेच होतो.

बोल्टची लांबी कुठून कुठपर्यंत मोजतात?

षटकोनी डोक्याच्या बोल्टची लांबी डोक्याच्या खालच्या बाजूपासून टोकापर्यंत. डोकं धरत नाहीत. टोकाला जो उतार दिलेला असतो, चॅम्फर, तो मात्र लांबीत येतो. काउंटरसंक बोल्टचं उलटं आहे, त्याचं डोकं मटेरियलमध्ये बुडतं म्हणून ते लांबीत धरतात. जुना बोल्ट हातात घेऊन डोक्यासकट मोजला आणि तोच आकडा दुकानात सांगितला तर एम१६ मध्ये, म्हणजे १६ मिमी व्यासाच्या बोल्टमध्ये, साधारण १० मिमी जास्तीचा बोल्ट घरी येतो.

ग्रिप म्हणजे नक्की काय, आणि ती मोजायची कशी?

डोकं आणि नट यांच्या मध्ये जे जे दाबलं जातं त्याची एकूण जाडी म्हणजे ग्रिप. काही जण वॉशर त्यातच धरतात, काही वेगळा धरतात. दोन्ही चालतं, फक्त दोनदा धरू नका किंवा दोन्हीकडून विसरू नका. मी वेगळा धरतो, आणि या पानावर तसंच धरलंय.

मोजताना ड्रॉइंगवरचा आकडा हा फक्त अंदाज समजा. हातात प्लेटा असतील तर व्हर्नियर भोकाच्या अगदी कडेला लावा, कारण बोल्ट तिथे दाबणार आहे. प्लेटेच्या बाहेरच्या कडेला गॅसने कापल्याचा मणी असतो, भोकाला ड्रिलची बर असते, तिथे माप फुगून येतं, म्हणून आधी कानस मारून घ्या. वेल्डिंगचा शिडकावा भोकाजवळ असेल तर तोही काढा, मापासाठीच नाही तर वॉशर नीट बसावा म्हणूनसुद्धा. मध्ये रबर किंवा गॅस्केट असेल तर त्याची दाबल्यानंतरची जाडी धरायची. रंगाच्या थरामुळे लांबीत फरक पडत नाही, सोडून द्या. पॅकिंग किंवा शिम असेल तर मात्र धरा, आणि किती शिम लागतील हे जोडताना ठरणार असेल तर जास्तीत जास्त किती लागू शकतात ते धरून हिशोब करा.

वॉशरची जाडी किती धरायची?

साध्या चपट्या वॉशरची, आयएसओ ७०८९ प्रमाणे, एम८ ला १.६, एम१० ला २, एम१२ ला २.५, एम१६ आणि एम२० ला ३, एम२४ ला ४. एक वॉशर नटाखाली असतो, बऱ्याचदा दुसरा डोक्याखाली असतो, आणि हा दुसरा हिशोबात विसरणं ही अगदी नेहमीची चूक. एम१६ ला ३ मिमी म्हणजे दीड आटा गेला.

स्प्रिंग वॉशर असेल तर तो दाबून सपाट झाल्यावर जेवढा राहतो तेवढाच धरायचा, मोकळा असताना दोन टोकं वरखाली असतात ती उंची नाही. चॅनलच्या उतरत्या फ्लँजवर तिरका वॉशर लावत असाल तर त्याची जाडी भोकाच्या मध्यावर जी असेल ती, आणि फ्लँजची जाडीही तिथलीच, कडेची नाही.

नटची उंची म्हणून बोल्टचा व्यासच धरला तर चालेल का?

घाईत अंदाज लावायला चालतं. आयएसओ ४०३२ च्या साध्या षटकोनी नटची जास्तीत जास्त उंची एम१० ला ८.४, एम१२ ला १०.८, एम१६ ला १४.८, एम२० ला १८ आहे, म्हणजे व्यासापेक्षा थोडी कमीच. व्यास धरलात तर चूक झाली तरी ती सुरक्षित बाजूला होते.

पण एक लक्षात ठेवा, त्याच मापाचे वेगवेगळे नट मिळतात. जुन्या डिन ९३४ चा एम१६ नट १३ चा असतो, आयएसओचा १४.८ पर्यंत, आणि नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला लॉक नट, घेतला तर १६ पासून १९ पर्यंत जातो. म्हणजे फक्त नट बदलल्याने ६ मिमीचा फरक पडू शकतो, तीन आटे. ड्रॉइंगवर साधा नट होता आणि स्टोअरने नायलॉक दिला तर तो बोल्ट अचानक आखूड पडतो, बोल्टचा दोष काहीच नसतो. त्यामुळे लांबी ठरवायच्या आधी नट कुठला ते ठरवा.

आटे नटाच्या बाहेर निघायलाच का पाहिजेत? टोक नटाच्या बरोबरीत आलं तर पुरत नाही का?

बोल्टच्या टोकाकडे नीट बघा, भिंग असेल तर फारच छान. अगदी टोकाला उतार आहे, त्यानंतरचा पहिला आटा अर्धवट आहे, माथा नीट भरलेला नाही. स्टँडर्डमध्ये टोकाकडचे अपूर्ण आटे दोन पिचपर्यंत चालतात, पिच म्हणजे एका आट्यापासून शेजारच्या आट्यापर्यंतचं अंतर. एम१६ ची पिच २ मिमी, म्हणजे टोकाचे ४ मिमी पूर्ण आटे नसतील तरी बोल्ट नियमात बसतो. आता असं टोक नटाच्या वरच्या पृष्ठाशी बरोबरीत आणलं तर नटाच्या वरच्या भागातले आटे अर्धवट आट्यांना धरून बसलेत. वरून नटाच्या दोन्ही तोंडांना आतून थोडा उतार असतोच. १४.८ मिमीच्या नटात सुमारे सात पिच मावतात, त्यातल्या दोनेक अशाच गेल्या.

रोजच्या लोडला त्याने लगेच काही होत नाही, कारण नटाच्या खालच्या, म्हणजे प्लेटेकडच्या पहिल्या दोन-तीन आट्यांवरच बहुतेक भार असतो. पण बोल्ट त्याच्या ताकदीच्या शेवटाला आला की खालचे आटे थोडे दबतात आणि भार वरच्या आट्यांकडे सरकतो, तेव्हा वरचे आटे पूर्ण असायला लागतात. नट आणि बोल्टची जोडी अशी बनवलेली असते की जास्त ताणलं तर बोल्ट तुटावा, आटे जाऊ नयेत. तुटलेला बोल्ट दिसतो, लगेच कळतो. आटे मात्र आतल्या आत सोलले जातात, नट जागेवर दिसतो आणि पकड गेलेली असते. टोक आत राहिलेला बोल्ट जोडणीला नेमक्या या दुसऱ्या प्रकाराकडे ढकलतो, म्हणून मी यात तडजोड करत नाही.

मग किती आटे बाहेर ठेवायचे?

कमीत कमी एक पूर्ण पिच, नटाच्या बाहेरच्या पृष्ठापासून बोल्टच्या टोकापर्यंत मोजून. स्टीलच्या बांधकामासाठीचं युरोपियन स्टँडर्ड ईएन १०९०-२ एवढंच मागतं. अमेरिकेत स्ट्रक्चरल बोल्टला टोक नटाच्या बरोबरीत आलं तरी मान्य आहे. तुमच्या कामाला एखादं स्टँडर्ड लागू असेल तर तेच धरा. नसेल तर मी दोन पिच धरून हिशोब करतो, एकवर आलं तर चालवून घेतो, आणि तीनच्या वर गेलं तर एक खालची लांबी बसते का ते बघतो.

पिच लक्षात ठेवायच्या असतील तर एम८ ची १.२५, एम१० ची १.५, एम१२ ची १.७५, एम१६ ची २, एम२० ची २.५, एम२४ ची ३. म्हणून "५ मिमी बाहेर ठेवा" असा सरसकट नियम करू नका, एम८ ला ते चार आटे होतात आणि एम२४ ला दोनसुद्धा होत नाहीत.

एक पूर्ण उदाहरण करून दाखवा ना.

एम१६ चा बोल्ट, २० आणि १६ मिमीच्या दोन प्लेटा, डोक्याखाली एक आणि नटाखाली एक वॉशर, आयएसओ ४०३२ नट.

ग्रिप ३६. वॉशर ३ + ३ = ६. नट १४.८. इथपर्यंत ५६.८ झाले. एक पिच धरली तर ५८.८, दोन धरल्या तर ६०.८. म्हणजे एका पिचच्या हिशोबाने ६० चा बोल्ट, दोनच्या हिशोबाने ६५ चा. मुद्दाम असं उदाहरण घेतलंय, कारण प्रत्यक्षात नेहमी असंच दोन लांबींच्या मध्ये अडकायला होतं.

आता ६० चा लावला तर कागदावर ३.२ मिमी बाहेर येतात, दीड आट्याहून जास्त, बरं दिसतं. पण कुठलीही वस्तू नेमक्या आकड्याची नसते. ६० चा ए ग्रेडचा बोल्ट ५९.४ असू शकतो. वॉशर ३.३ पर्यंत जाडा असू शकतो, दोन मिळून ६.६. प्लेटा रोलिंगमधून थोड्या जाड आल्या, समजा दोन्ही मिळून ३७ भरल्या. नट पूर्ण १४.८. बेरीज ५८.४, आणि ५९.४ मधून ते वजा केले तर हातात राहिला १ मिमी. अर्धा आटा. हे सगळं एकाच भोकात एकत्र येण्याची शक्यता कमी आहे हे मान्य, पण चारशे भोकं असतील तर काही ठिकाणी याच्या जवळपासचं काहीतरी नक्की दिसणार आणि तपासायला येणारा माणूस बरोबर तिथेच बोट ठेवणार.

६५ चा लावला तर कागदावर ८.२ बाहेर, चार आटे. सर्वात वाईट हिशोबाने ६४.४ वजा ५८.४, म्हणजे ६ मिमी, तीन आटे. दिसायला थोडा लांब, पण कुठेच कमी पडत नाही.

माझं मत असं, की प्लेटा समोर असतील, मोजून ३६ च भरत असतील आणि दहा-वीस बोल्टचंच काम असेल तर ६० घ्या. प्लेटा अजून यायच्यात, बोल्ट आधी मागवायचेत, तर ६५. डोक्याखालचा वॉशर काढून ६० बसवायचा मोह होईल, पण तो वॉशर तिथे का दिलाय ते आधी बघा, भोक मोठं असेल किंवा लांबट असेल तर तो काढता येत नाही.

६० आणि ६५ मध्ये फक्त ५ मिमीचाच फरक ना?

नाही, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बोल्ट दोन प्रकारचे येतात, एक पूर्ण आट्यांचा, आयएसओ ४०१७, आणि दुसरा अर्ध्या आट्यांचा, आयएसओ ४०१४, ज्याला डोक्याकडे गुळगुळीत दांडा असतो. ४०१४ च्या टेबलात एम१६ ची सुरुवातच ६५ पासून होते. म्हणजे तुम्ही ६० मागितला तर बहुतेक पूर्ण आट्यांचा मिळेल, ६५ मागितला तर दोन्हीपैकी कुठलाही मिळू शकतो, तेव्हा स्टँडर्डचा नंबर सांगूनच मागवा.

अर्ध्या आट्यांच्या बोल्टवर आट्यांची लांबी ठरलेली असते. १२५ मिमी लांबीपर्यंत ती व्यासाची दुप्पट अधिक ६. एम१२ ला ३०, एम१६ ला ३८, एम२० ला ४६. बोल्टची एकूण लांबी कितीही असो, १२५ पर्यंत आटे तेवढेच, वाढतो तो दांडा. (१२५ च्या वर २०० पर्यंत दुप्पट अधिक १२.) ही एक ओळ कुठेतरी लिहून ठेवा, कारण पुढचे दोन प्रश्न त्यावरच आहेत.

प्लेटा एकमेकींवर सरकायला बघतात अशा जोडणीत, शिअरमध्ये, दोन प्लेटा जिथे भेटतात तिथे दांडा यावा असं डिझाइन करणाऱ्याने धरलं असेल तर नुसती लांबी बघून चालत नाही. आपल्या ६५ च्या बोल्टला ६५ वजा ३८ म्हणजे २७ मिमीनंतर पूर्ण आटे आहेत, पण पूर्ण गुळगुळीत दांड्याची खात्री स्टँडर्ड फक्त १७ मिमीपर्यंतच देतं, मधले १० मिमी आटे सुरू होण्याचा भाग असू शकतो. डोक्याच्या बाजूला २० ची प्लेट असेल तर वॉशर धरून सांधा २३ वर येतो, म्हणजे त्याच मधल्या भागात. १६ ची प्लेट डोक्याकडे घेतली तरी १९. तेव्हा इथे ताकदीचा हिशोब आट्यांचा छेद धरूनच करायचा, दांड्याचा नाही.

थोडा लांब बोल्ट घेतला तर काय बिघडतं? घट्ट तर होतोच ना?

दरवेळी नाही होत. हे मी स्वतः अनुभवलंय म्हणून जरा खोलात सांगतो.

एका मशीनच्या फ्रेमला एम१२ चे बोल्ट होते, आधीच्या जोडणीत ग्रिप ६० होती. ६० + ५ वॉशर + १०.८ नट, ७५.८, वर दोन पिच म्हणजे ७९.३, म्हणून ८० चे बोल्ट, अगदी बरोबर निवड. पुढे दोनपैकी ३० ची एक प्लेट काढून १४ ची लावली, ग्रिप झाली ४४, बोल्ट तेच ठेवले कारण ते चांगले होते आणि "लांब आहे, बिघडलं काय" असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. टॉर्क रेंचने घट्ट केले, प्रत्येकावर क्लिक आला, रंगाची खूण केली. दोन-तीन आठवड्यांनी फ्रेम कुरकुरायला लागली. मी नटाखालच्या वॉशरला बोट लावलं आणि तो बोटाने फिरला.

झालं काय होतं बघा. ८० चा अर्ध्या आट्यांचा बोल्ट, आटे शेवटचे ३० मिमी, म्हणजे डोक्यापासून ५० मिमीवर आटे संपतात. प्लेटा आणि दोन वॉशर मिळून ४९. नट खाली उतरत उतरत ५० वर आला आणि आट्यांच्या शेवटावर जाऊन रुतला, वॉशरला टेकायला अजून १ मिमी बाकी असताना. रेंचला ही रुतण्याची ताकद लागली तीच त्याने टॉर्क म्हणून दाखवली, आणि क्लिक आला. रेंचला कसं कळणार की नट प्लेट दाबतोय की बोल्टच्या दांड्याशी भांडतोय. प्लेटांवर दाब शून्य. वॉशर आणि नटामधली १ मिमीची फट ग्रीस आणि रंगामुळे डोळ्याला दिसलीच नाही.

बरोबर निवड काय होती? ४४ + ५ + १०.८ = ५९.८, एक पिच धरून ६१.५५, म्हणजे ६५ चा बोल्ट. बाहेर ५.२, तीन आटे. आणि तपासणी : ६५ वजा ३० म्हणजे आटे ३५ पासून सुरू, नट टेकणार ४९ वर, मध्ये १४ मिमी आटे शिल्लक. नट रुतायचा प्रश्नच नाही. बोल्ट बदलले, कुरकुर थांबली.

नट असा आट्यांच्या शेवटी रुतलाय हे लांबी न मोजता ओळखता येतं का?

येतं, आणि फार सोपं आहे. बाहेर आलेला भाग मोजा, त्यात नटची उंची मिळवा. ही बेरीज बोल्टच्या आट्यांच्या लांबीइतकी किंवा जवळपास झाली तर नट शेवटावर आहे. एम१२ ला आटे ३०, नट १०.८, म्हणजे १९ मिमीच्या आसपास टोक बाहेर दिसलं की धोक्याची घंटा. एम१६ ला साधारण २३, एम२० ला २८. आमच्या फ्रेमवर १९ मिमी बाहेर होते, सगळ्यांना दिसत होते, फक्त त्याचा अर्थ कोणी लावला नव्हता.

दुसरी खूण पाना फिरवताना हाताला कळते. नीट बसणारा नट आधी हलका फिरतो, मग वॉशरला टेकतो आणि थोड्या कोनात झपाट्याने जड होतो. रुतणारा नट अचानक अडतो आणि तरी वॉशर सुटा राहतो. म्हणून घट्ट केल्यावर वॉशर बोटाने ढकलून बघायची सवय लावा, हलला तर क्लिक आलेला असो की नसो, ती जोडणी झालेली नाही. शंका असेल तर ०.०५ ची फिलर पट्टी वॉशरखाली सरकवून बघा, जाता कामा नये.

नटाखाली, प्लेटेच्या आत, किती आटे शिल्लक असायला हवेत?

साध्या बोल्टला नट टेकतो तिथपासून दांड्यापर्यंत कमीत कमी एक पूर्ण आटा, आट्यांचा अर्धवट सुरू होणारा भाग सोडून. ज्या बोल्टला मुद्दाम मोठा ताण देऊन बसवायचं असतं, प्रीलोडचे स्ट्रक्चरल बोल्ट, त्यांना ईएन १०९०-२ चार पूर्ण आटे मागतं. ताण दिल्यावर बोल्ट मुख्यतः आट्यांच्या भागातच लांबतो, तो भाग एक-दोन आट्यांचाच ठेवला तर सगळं लांबणं तेवढ्याच जागेत होतं आणि बोल्ट लवकर तुटतो.

त्यातही प्रीलोडच्या काही बोल्टना मुद्दाम आखूड आटे दिलेले असतात, त्यांना वरचं "दुप्पट अधिक ६" लागू होत नाही आणि ते एका लांबीने चुकले तरी लगेच रुततात. तिथे बनवणाऱ्याचं ग्रिपचं टेबल असतं, त्यात तुमची ग्रिप ज्या ओळीत बसते तीच लांबी घ्यायची, स्वतःचा हिशोब चालवायचा नाही.

लांब बोल्टच उपलब्ध आहेत. जादा वॉशर घालून भागवू का?

एखादा जादा चपटा वॉशर, तोही कडक, त्याच ग्रेडचा, ठीक आहे. वर सांगितलेल्या फ्रेमवर अडीच मिमीचा एक वॉशर घातला असता तरी नट १.५ मिमी आधी टेकला असता, म्हणजे दांड्याच्या शेजारी एक आटासुद्धा धड शिल्लक नाही. दोन घातले असते तर कागदावर जमलं असतं. पण वॉशरची चळत करायला लागलात की प्रत्येक जोडावर थोडं थोडं बसणं होतं, रंग दबतो, बर दबते, आणि बोल्टचा ताण हळूहळू उतरतो. आणि मऊ वॉशर तर वाटीसारखे वाकतात. तात्पुरतं चालवा, योग्य लांबी मागवा.

बाहेर आलेला भाग कापून टाकला तर?

कापल्याने नट रुतायचा प्रश्न सुटत नाही हे आधी समजून घ्या, कारण आटे संपतात ते दुसऱ्या टोकाला. नुसतं अडचण होतेय, काहीतरी घासतंय म्हणून कापायचं असेल तर करवतीने कापा. ग्राइंडरने टोक लाल होतं, कोटिंग जळतं आणि तिथून गंज सुरू होतो, आणि ठिणग्यांनी आजूबाजूचा रंगही जातो. बोल्ट लावायच्या आधी कापत असाल तर आधी नट चढवून ठेवा, मग कापा, टोक कानसने गोल करा आणि नट उतरवा, उतरताना तो कापलेले आटे सरळ करत येतो.

नायलॉक किंवा डबल नट असेल तर हिशोब कसा बदलतो?

नायलॉकमध्ये नायलॉनचं कडं वरच्या टोकाला असतं, त्यामुळे बोल्ट त्याच्या आरपार गेलाच पाहिजे, नाहीतर लॉकच होत नाही. इथे नटाची पूर्ण उंची धरा, कड्यासकट, आणि वर किमान एक पूर्ण आटा. टोकाचा अर्धवट आटा कड्यात राहिला तर पकड अर्धीच मिळते. आपल्या एम१६ च्या उदाहरणात आयएसओ ७०४० चा नायलॉक लावला, उंची १९.१, तर ३६ + ६ + १९.१ + २ = ६३.१, म्हणजे ६० आता बसतच नाही, ६५ च घ्यायला लागतो आणि वर ३.९ मिमी उरतात.

डबल नटला दोन्ही उंच्या मिळवा. एम१६ चा पातळ नट ८ मिमीचा असतो, तेव्हा ३६ + ६ + १४.८ + ८ + २ = ६६.८, म्हणजे ७० चा बोल्ट.

७० नंतर लांबी एकदम ८० वर जाते. मधली पाहिजे असेल तर?

७० पर्यंत ५ च्या टप्प्याने मिळतात, पुढे १० च्या. त्यामुळे हिशोब ७१ आला की ८० घ्यायला लागतो आणि जवळजवळ ९ मिमी जास्तीचे बाहेर येतात. घाबरायचं कारण नाही, एम१६ ला नट रुतायला २३ लागतात. पण एम८ ला आटेच २२ आणि नट ६.८, म्हणजे १५ वरच मर्यादा आली, लहान व्यासाला ही तपासणी नक्की करा. शंका असेल तर पूर्ण आट्यांचा बोल्ट घ्या, त्यात नट रुतण्याचा विषयच येत नाही, फक्त शिअरमध्ये दांडा मिळत नाही.

प्लेटांमध्ये फट आहे, ती बोल्टनेच ओढून घ्यायचीय. तेव्हा लांबी कशी धरू?

फट बुजल्यावरची ग्रिप धरूनच कायमचा बोल्ट ठरवा. नट पकडायलासुद्धा आटे पुरत नसतील तर ओढून घेण्यासाठी एक-दोन लांब, पूर्ण आट्यांचे बोल्ट वापरा, क्लॅम्पसारखे, फट गेली की शेजारच्या भोकांत योग्य लांबीचे घाला आणि मग ते लांबवाले काढून बदला. फट बुजतच नसेल तर प्लेट सरळ करा किंवा शिम द्या आणि ती शिम ग्रिपमध्ये मोजा.

नट नाही, बोल्ट सरळ आटे पाडलेल्या भोकात जातो. हाच हिशोब चालेल?

नाही. तिथे नटाच्या उंचीऐवजी बोल्ट भोकात किती आत धरतो ते येतं, स्टीलमध्ये साधारण व्यासाइतकं, ॲल्युमिनियममध्ये दीड ते दोन पट. आणि बंद भोक असेल तर लांबी वर नाही, खाली उतरवून घ्यायची, कारण बोल्ट तळाला टेकला की तोच रुतलेल्या नटाचा प्रकार परत होतो, क्लिक येतो आणि प्लेट सुटी. भोकाची खोली तारेने मोजा, मोजताना तळाचा ड्रिलचा शंकू आणि टॅप न पोचलेला भाग वजा करा.